वरच्या खोलीचे लॉगशीट

निंबा पाटलांनी पेनाचे टोपण काढले, तेव्हा आधार सुरवाड्यांना वाटले, काम झाले. पतसंस्थेच्या कर्जअर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या लागत होत्या. पहिली धाकट्या मेहुण्याने सोमवारीच केली होती. दुसरीसाठी निंबाभाऊ धुळ्याहून बसने आले होते. शनिवारी कर्जसमितीची बैठक होती. अर्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शाखेत पोचला नाही तर महिनाभर थांबावे लागणार होते, आणि ठेकेदार अभिमनचा भाव पंधरा तारखेपर्यंतच पक्का होता.

पण निंबाभाऊंनी सही केली नाही. उघड्या पेनाचे टोक त्यांनी आधारच्या आकडेमोडीवर टेकवले आणि एकेक ओळ वाचत खाली उतरू लागले. दीपनगरच्या वीजकेंद्रात एकवीस वर्षे दोघांची एकच पाळी होती. निंबाभाऊ पाळीप्रमुख आणि आधार नियंत्रणकक्षात. हा माणूस दर तासाच्या आकड्यांच्या लॉगशीटवर असेच पेन टेकवून वाचायचा, आणि ते जिथे थांबे, तिथे चूक असे.

पेन तिसऱ्या ओळीवर थांबले.

"हाई साडेसहा हजार भाडं कोन सांगं तुले?"

"अभिमनने. ठेकेदाराने. पिंप्राळ्यात त्याच्याच हातच्या दहा खोल्या आहेत, भाऊ."

"बांधणाऱ्याने भाडं सांगायचं, मग भाडेकरूने सिमेंटचा भाव सांगायचा का?" निंबाभाऊ हसले नाहीत. "बरं, पुढे. बारा गुणिले साडेसहा हजार, अठ्ठ्याहत्तर हजार. कर्ज पाच लाख, बारा टक्के, दहा वर्षं. हप्ता सात हजार एकशे चौऱ्याहत्तर. म्हणजे पदरचे घालायचे महिन्याला फक्त सहाशे चौऱ्याहत्तर. 'खोली आपला हप्ता आपण भरेल.' हे वाक्य तुझं?"

"माझंच."

"मला फोनवरही हेच सांगितलं होतंस."

हे वाक्य आधारने केवळ निंबाभाऊंना नव्हे, स्वतःलाही पुष्कळदा सांगितले होते. एकतीस वर्षे वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये काढल्यावर निवृत्तीच्या पैशांत पिंप्राळ्यातले हे दोन खोल्यांचे घर झाले. हातात उरले ते महिन्याचे अडीच-तीन हजार निवृत्तिवेतन आणि बँकेतली थोडी ठेव. घर मुलाच्या, आकाशच्या पगारावर चाले. भाजी आणताना आधार सुनेकडून पैसे घेई आणि उरलेली चिल्लर न विसरता परत देई. ती कधी हिशेब विचारत नसे. त्यामुळेच ते अधिक बोचे. गच्चीवर एक खोली बांधावी, तिचे भाडे हप्त्यात जावे, आणि दहा वर्षांनी सत्तरीत ते भाडे आपल्या हातात यावे, एवढीच त्याची इच्छा होती. महापालिकेची परवानगी मिळाली होती. घर पतसंस्थेला गहाण पडणार होते. सही तेवढी उरली होती.

"आपला दोनशे दहाचा संच आठवतो?" निंबाभाऊंनी विचारले.

"न आठवायला काय झालं!"

"त्याच्या पाटीवर दोनशे दहा मेगावॅट लिहिलं होतं. बारा महिने, चोवीस तास, त्याने दोनशे दहा कधी दिले?"

उत्तर दोघांनाही पाठ होते. वर्षातून एकदा संच दुरुस्तीला बंद राही. पावसाळ्यात कोळसा ओला येई. मध्येच नळी फुटे. आणि जी वीज निघे, तिच्यातलीही काही संचाच्याच पंख्या-पंपांना लागे.

"तू खोलीची पाटी वाचलीस, आधार. मीटर नाही वाचलं. खोली रिकामी किती महिने? रंग, नळ, मोटरचं बिल, वाढीव घरपट्टी कुठे आहे? आणि हे काय, भाडेकरूची अनामत वीस हजार जमेला धरली! ती त्याची आहे, जाताना मागेल. शिवाय स्लॅब ओतल्या दिवशी भाडेकरू गादी घेऊन जिन्यावर उभा राहतो का? चार-पाच महिने बांधकाम, त्या महिन्यांचा हप्ता कोण भरणार?"

"भाऊ, तुम्हाला सही करायची नसेल तर सरळ सांगा!" आधारचा आवाज चढला.

स्वयंपाकघरातून पार्वताबाई बाहेर आल्या. नवऱ्याकडे रागाने आणि पाहुण्याकडे संकोचाने पाहत त्यांनी चहाचे कप ठेवले. "आकाशचे आबा, माणूस दोन तास बसमध्ये बसून आलाय. आधी चहा तरी पिऊ द्या."

"राहू दे वहिनी, त्याला ओरडू दे. वाफ कोंडली की झडप उडते." निंबाभाऊंनी टोपण लावले. पेन खिशात गेले. "हप्ता थकला तर पतसंस्था आधी तुझ्याकडे येईल आणि मग माझ्याकडे. धुळ्याला देवपूरच्या माझ्या घरावर नोटीस येईल. तेव्हा मी माझ्या पोरांना काय दाखवू, हा कागद? मी आज तुझ्याकडेच मुक्कामाला आहे. उद्या दुपारी तीनच्या बसने जाणार. तोवर लॉगशीट भर. ऐकलेला आकडा नको, वाचलेला पाहिजे."

ते शेवटचे वाक्य मुद्दाम होते. सेवेच्या चौथ्या वर्षी एकदा आधारने पंपाच्या बेअरिंगचे तापमान प्रत्यक्ष न वाचता आधीच्या तासाचा आकडा खाली उतरवून ठेवला होता. तासाभरात बेअरिंग तापून लाल झाले. निंबाभाऊंनी वर तक्रार केली नाही, पण तो कागद त्याच्यासमोर धरून ते एवढेच म्हणाले होते, "हा आकडा तू पाहिलास की आठवलास?" पुढल्या सत्तावीस वर्षांत आधारने न पाहिलेला आकडा लिहिला नव्हता. निवृत्तीनंतर मात्र लिहिला होता, हे त्याला आता कळत होते. आणि कळत होते म्हणूनच राग येत होता.

एक गोष्ट त्याने निंबाभाऊंनाच काय, घरातही कोणाला सांगितली नव्हती. ठेवीतले पंचवीस हजार काढून त्याने अभिमनला विसार म्हणून देऊन टाकले होते.

चहा संपताच त्याने कपाटातून जुना आखीव कागदांचा गठ्ठा काढला, चष्मा चढवला आणि तो बाहेर पडला. एप्रिलचे ऊन उतरत होते, तरी सिमेंटचा रस्ता पायाला भाजत होता.

पहिले घर समोरच्या ओळीतले, मोहिनी चौधरींचे. या शिक्षिकेच्या गच्चीवर दोन खोल्या होत्या. तिने आढेवेढे न घेता सांगितले, "साडेचार हजार घेते काका. साडेसहा? साडेसहाला तर खाली दोन खोल्या मिळतात. मुलं परीक्षा संपली की मे महिन्यात जातात, जूनअखेर नवी येतात. दोन महिने धरा रिकामे. एकदा मी पैसे वाचवायला पत्रे टाकले होते. मार्चमध्येच भाडेकरू पळाला. म्हणाला, मॅडम, ही खोली नाही, भट्टी आहे."

आधारने लिहिले. भाडे चार हजार पाचशे. रिकामी, दोन महिने. शेरा, परीक्षा.

तो नऊ घरे फिरला. कोणी सव्वाचार सांगितले, कोणी साडेचार. पाचच्या वर कोणीही गेले नाही. एकाने रंगाचा खर्च सांगितला, एकाने न भरलेले वीजबिल ठेवून पळालेल्या जोडप्याची कथा ऐकवली. दर घरागणिक त्याच्या कागदावरची खोली लहान होत होती. तरी त्याने एकही आकडा वाढवून लिहिला नाही, याचे त्याला एक कोरडे समाधान वाटत होते.

दहावे घर खालच्या गल्लीतले, समाधान बिऱ्हाडे यांचे. महापालिकेतून निवृत्त झालेले, विहारात दर पौर्णिमेला भेटणारे. दाराशी आधारच्या घरासारखीच निळी पाटी, आत बुद्धाची पितळी मूर्ती. "जयभीम" म्हणत त्यांनी आधारला आत घेतले. खोली पाहावी तर मोहिनीच्या खोलीपेक्षा चांगली! नवी फरशी, वेगळा जिना, दोन खिडक्या. आणि तीन महिने रिकामी.

"का हो?"

बिऱ्हाडे खिडकीची कडी उगाच उघडझाप करत म्हणाले, "पाण्याचा प्रॉब्लेम, दुसरं काय. लोक येतात, बघतात, आवडते म्हणतात, कळवतो म्हणतात. आता गेल्या आठवड्यात चार हजारांवर आणली, तेव्हा कुठे एक पोरगा यायचं म्हणतोय. दीक्षाभूमीवर भेटलेल्या ओळखीतला."

आधारने लिहिले. भाडे चार हजार. रिकामी, तीन महिने. शेरा, पाणी.

शुक्रवारी सकाळी आकाश पाइप कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघून गेला होता. निंबाभाऊ अंगणात दाढी करत होते. संघमित्रा, सून, दवाखान्याची बॅग खांद्याला लावून निघता निघता टेबलाशी थबकली. ती महापालिकेच्या आरोग्य केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर परिचारिका होती. आकडे वाचायची तिला सवय होती.

"आबा, बिऱ्हाडेकाकांच्या पुढे 'पाणी' लिहिलंय?"

"त्यांनीच सांगितलं."

"त्यांची आणि मोहिनीमॅडमची पाइपलाइन एकच आहे. दोघांकडेही पाणी एकाच दिवशी येतं."

"मोटर लहान असेल."

"तुम्ही मोटर पाहिलीत?"

आधारने चष्मा काढला. प्रश्न तोच होता, फक्त विचारणारे तोंड निराळे.

"मी धुळ्याला नर्सिंगला होते, तेव्हा सात खोल्या पाहिल्या होत्या," संघमित्रा हळू, पण न अडखळता म्हणाली. "सगळ्यांनी आधी नाव विचारलं. नाव आवडलं. मग आडनाव विचारलं. मग 'मिस्टरांना विचारून सांगते.' इथे तेच उलट्या बाजूने आहे, आबा. भाडेकरू जिना चढतो, खोली बघतो, खाली उतरताना दाराची पाटी बघतो. सगळेच तसे नसतात. पण तीन महिने रिकामी राहायला सगळे लागत नाहीत."

"गप्प बस!" आधार इतक्या जोरात ओरडला की अंगणातला वस्तरा थांबला. "माझ्या घराच्या हिशेबात मी ही घाण लिहू? एकतीस वर्षं मी त्या कंट्रोल रूममध्ये मान वर करून बसलो. आता स्वतःच्या हाताने लिहू, की माझी खोली स्वस्त, कारण ती माझी आहे म्हणून?"

संघमित्राच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती मागे सरली नाही. "तुम्ही नाही लिहिलं तर ती स्वस्त व्हायची थांबणार आहे का? तेवढे महिने हप्ता आम्ही भरायचा आहे. माझा करार मार्चमध्ये संपतो. पुढचा मिळेल की नाही, मला माहीत नाही. मला खोटा दिलासा नको, आबा. मला आकडा द्या."

ती गेली. एखाद्या जड झडपेचे चाक फिरवावे तसा आधारने हात उचलला, 'पाणी' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, आणि लॉगशीटच्या नियमाप्रमाणे त्याच्या बाजूला आद्याक्षरे घालून नवा शेरा लिहिला. 'दारावरची पाटी.'

त्यानंतरचा हिशेब अर्ध्या पानात संपला. नऊ महिने, चार हजारांप्रमाणे, छत्तीस हजार. त्यातून रंग, दुरुस्ती, मोटरचे बिल आणि वाढीव घरपट्टी साडेसहा हजार वजा. उरले एकोणतीस हजार पाचशे. महिन्याला दोन हजार चारशे अठ्ठावन्न. हप्ता सात हजार एकशे चौऱ्याहत्तर. पदरचे चार हजार सातशे सोळा. सहाशे चौऱ्याहत्तर नव्हे. आणि तेही बांधकामाचे महिने सोडून. शिवाय मंजूर होणाऱ्या पाच लाखांतून पतसंस्था शेअर्सची रक्कम आणि खर्च आधीच कापून घेणार, तो खड्डा वेगळाच.

दुपारी दोन वाजता त्याने कागद निंबाभाऊंच्या पुढे ठेवला. पुन्हा ते पेन एकेक ओळ उतरू लागले. पेन दहाव्या घरापाशी आले आणि थांबले. या वेळी फार वेळ थांबले.

"हे मी विचारलं नसतं," निंबाभाऊ म्हणाले. "माझ्या डोक्यातच आलं नसतं."

"तुम्हाला कशाला येईल?" आधारचा आवाज शांत होता, पण त्याला धार होती. "देवपूरला तुमचीही खोली आहे ना भाड्याने? एक रीडिंग तुम्ही द्या. तुम्ही आडनाव विचारता?"

पार्वताबाईंनी दाराआडून डोकावले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. निंबाभाऊंनी मान वर केली नाही.

"मी नाही विचारत," ते शेवटी म्हणाले. "बायको विचारते."

"आणि तुम्ही?"

"मी पेपर वाचत बसतो."

एकवीस वर्षे दोघांनी एका डब्यातून भाकर खाल्ली होती. आधारला वाटले, आता हा माणूस उठेल आणि निघून जाईल, आणि आपण त्याला थांबवणार नाही. पण निंबाभाऊ उठले नाहीत. त्यांनी अर्ज ओढून घेतला, जामीनदाराच्या चौकटीवर बोट ठेवले आणि टोपण काढले.

"आण, करतो सही. आकडे वाईट आहेत, पण खरे आहेत. खऱ्या आकड्यावर मी जामीन राहतो. काही झालंच तर मी भरीन. मना घर गयं तरी चाली."

टोक कागदाला लागणार, तोच आधारचा तळवा चौकटीवर पडला.

"नको."

"अरे, कालपर्यंत याच सहीसाठी भांडत होतास ना?"

"कालची सही मैत्रीची होती. ही लाजेची आहे. लाज दहा वर्षं टिकत नाही, निंबाभाऊ, हप्ता टिकतो."

निंबाभाऊंनी पेनाचे टोपण लावले. "मग तुझी खोली?"

"आज नाही." आधारने अर्जाची घडी घातली. मग बायकोकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आणि एक सांगायचं राहिलं. अभिमनला पंचवीस हजार विसार दिलाय. पंधरा दिवस झाले."

पार्वताबाईंच्या हातातली ताटली टेबलावर आपटली. "माझ्या देखत ठेवीची पावती नेलीत, आणि म्हणालात नूतनीकरण करायचंय!"

"खोटं बोललो."

"हे पण लिहा मग तुमच्या त्या कागदावर!"

निंबाभाऊंनी मध्ये न पडता टेबलावरचा आधारचा मोबाइल त्याच्याकडे सरकवला. आधारने तिथेच, सगळ्यांच्या देखत, अभिमनला फोन लावला. ठेकेदार आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला की वाळूचा एक ट्रक सांगून ठेवलाय, तो मोडला तर दंड पडेल. अर्धा तास घासाघीस चालली. अखेर ठरले की सतरा हजार परत मिळतील, आठ बुडाले. आधारने लॉगशीटच्या तळाशी तेही लिहिले.

पतसंस्थेची शाखा बसथांब्याच्या वाटेवरच होती. निंबाभाऊंची पिशवी हातात घेऊन आधार आत गेला तेव्हा खिडकीमागचा लिपिक म्हणाला, "या सुरवाडेकाका! कर्जाची फाइल आणलीत? साहेब विचारत होते."

"फाइल नाही. आवर्त ठेवीचं खातं उघडायचं आहे. दर महिन्याला चार हजार सातशे सोळा."

"सातशे सोळा? गोल आकडा घ्या ना काका. पाच हजार करा, नाहीतर साडेचार."

"गोल आकडा नको. हाच पाहिजे."

निंबाभाऊंना कळले. संचावर विजेचा भार टाकण्याआधी तो रिकामा फिरवून पाहतात. खोली नसताना खोलीचा तुटवडा भरायचा, वर्षभर, दर पाच तारखेला. आकाश आणि संघमित्राला तो झेपला, तिचा करार मार्चमध्ये पुढे सरकला, तर साठलेल्या पैशाने कर्ज तेवढे लहान करून पुन्हा अर्ज. नाही झेपला, तर ठेव मोडता येते; गहाण टाकलेले घर तसे मोडून घेता येत नाही.

"पण पोरांना विचारलंस का?" निंबाभाऊंनी विचारले.

आधारचा फॉर्मवरचा हात थांबला. नाही विचारले, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते. त्याने फॉर्म भरला, रकमेची चौकट कोरी ठेवली आणि कागद घडी घालून खिशात टाकला. "संध्याकाळी दोघांना समोर बसवतो. आकडा त्यांनी लिहायचा."

धुळ्याची बस लागली होती. खिडकीची जागा पकडून निंबाभाऊंनी बाहेर हात काढला. "आधार, त्या लॉगशीटची एक प्रत मला पाठव."

"तुम्हाला कशाला?"

"घरी दाखवायची आहे." ते थोडे थांबले. "जूनमध्ये माझी खोली रिकामी होते."

आधारने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. बस हलली. त्याने खिशातला फॉर्म चाचपला आणि उन्हातून घरी चालत निघाला. संघमित्राची ड्यूटी सुटायला अजून दोन तास होते.